बाष्पनाचा अप्रकट उष्मा: उत्तर २२५७ ला का येत नाही आणि चूक कुठे शोधायची

उकळत्या पाण्याच्या एका ग्रॅमची वाफ करायला लागणारी उष्णता, म्हणजेच बाष्पनाचा अप्रकट उष्मा, मोजायची मांडणी अगदी साधी आहे. २५० मिलिलिटरचं बीकर वजनकाट्यावर ठेवलेलं, त्यात साधारण २०० मिलिलिटर पाणी, स्टँडच्या क्लँपला धरलेला १२ व्होल्ट, ५० वॅटचा बुडीत हीटर, जोडीला व्होल्टमीटर, ॲमीटर आणि स्टॉपवॉच. पाणी उकळू द्यायचं, ठरावीक वेळात वजन किती घटलं ते पाहायचं आणि दिलेल्या ऊर्जेला त्या वजनाने भागायचं.

```
L = V × I × t / m
```

१०० अंश सेल्सिअसला उकळणाऱ्या पाण्यासाठी पुस्तकातला आकडा ग्रॅममागे २२५७ ज्यूल आहे. प्रयोगवहीत मात्र कधी २६००, कधी २९००, कधी १८५० येतात आणि मग ‘मानवी त्रुटी’ असं लिहून पान उलटलं जातं. माणसाची त्रुटी यात क्वचितच असते. चूक कुठे आहे हे आकड्यावरूनच बरंचसं ओळखता येतं.

आधी लक्षणं

उत्तर २४५० ते ३००० च्या दरम्यान येत असेल, तर दिलेल्या ऊर्जेचा काही भाग वाफ करण्याऐवजी दुसरीकडे गेला आहे. हे सगळ्यात नेहमीचं लक्षण.

उत्तर २१५० च्या खाली येत असेल, तर दोनच शक्यता उरतात. एक तर काट्यावरून वाफ न होताच वजन कमी झालं, किंवा मीटर खऱ्यापेक्षा कमी शक्ती दाखवत आहेत. उष्णता वाया गेल्याने उत्तर कमी येऊ शकत नाही, त्यामुळे इथे बीकर गुंडाळून काही उपयोग होत नाही.

त्याच मांडणीवर लागोपाठ घेतलेल्या वाचनांत शे-दीडशेचा फरक पडत असेल, तर वजनकाटा आणि वेळ तपासा.

चौथं लक्षण कुणाला लक्षण वाटतच नाही. एकाच वाचनात, काहीही दुरुस्ती न करता, उत्तर थेट २२५० किंवा २२६० येतं. बीकर उघडं आहे, भोवती काही गुंडाळलेलं नाही आणि तरी इतकं नेमकं उत्तर? उष्णता तर नक्कीच वाया गेली आहे आणि तिने उत्तर वर ढकललं असणार. म्हणजे दुसरी एखादी चूक त्याला तितकंच खाली ओढत आहे. असं उत्तर मिळालं तरी खालच्या तपासण्या कराच.

तपासण्या सोप्या आणि बिनखर्चाच्या आधी, अवघड नंतर, अशा क्रमाने आहेत. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशाने फरक पडला ते कळणार नाही.

१. वेळ मोजायला कधी सुरुवात केली?

पाण्यात बुडबुडे दिसले म्हणजे ते उकळलं असं नाही. सत्तर-ऐंशी अंशांपासूनच विरघळलेली हवा बाहेर येऊ लागते, हीटरला बारीक बुडबुडे चिकटतात आणि भांडं गुणगुणू लागतं. तेव्हाच स्टॉपवॉच चालू केलं, तर पुढची काही मिनिटं ऊर्जा पाणी तापवण्यात खर्च होते. २०० ग्रॅम पाणी शेवटच्या पाच अंशांनी तापवायला सुमारे ४२०० ज्यूल लागतात. वीस मिनिटांत ५० वॅटचा हीटर जी ऊर्जा देतो तिचा हा चौदावा हिस्सा झाला. म्हणजे केवळ सुरुवातीच्या घाईने उत्तर सात टक्के वर जातं.

थर्मामीटर १०० दाखवेल याची वाट पाहू नका. उंचावरच्या गावात तो ९५ वरच थांबतो आणि शाळेतल्या थर्मामीटरमध्ये एखाद्या अंशाची चूक सहज असते. त्याऐवजी काट्याकडे पाहा. पाणी खळखळून उकळू लागल्यावर दर मिनिटाला वजन लिहा. लागोपाठ तीन-चार मिनिटं घट सारखीच आली, की मांडणी स्थिर झाली. या हीटरला मिनिटाला साधारण १.१ ग्रॅम घट अपेक्षित आहे. त्यानंतरचं एक वाचन ‘शून्य मिनिट’ धरून पुढे मोजा.

जाता जाता उंचीचा मुद्दा. उत्कलनबिंदू ९५ अंशांवर आला, तरी अप्रकट उष्मा २२५७ वरून २२७० पर्यंतच जातो, म्हणजे अर्धा टक्काभर. नळाच्या पाण्यातल्या क्षारांचा परिणाम तर याहूनही नगण्य. २६०० आलेल्या उत्तराचं खापर उंचीवर किंवा पाण्यावर फोडता येत नाही.

२. काटा खरं बोलतोय का?

इथे तीन वेगवेगळ्या खोडी असतात.

पहिली, काटा आपोआप बंद होणं. बॅटरीवर चालणारे बरेच इलेक्ट्रॉनिक काटे काही मिनिटं कुणी हात लावला नाही तर बंद होतात. पुन्हा चालू केल्यावर ते वर ठेवलेल्या बीकरसकट शून्य धरतात आणि आधीचं सगळं वाचन वाया जातं. ही सोय बंद करता येत असेल तर करा, नाहीतर काटा ॲडॅप्टरवर चालवून पाहा.

दुसरी जास्त फसवी आहे. पुष्कळ काटे शून्याजवळचे सावकाश होणारे बदल ‘सरकलेलं शून्य’ समजून गिळून टाकतात. पॅनवर धूळ बसली किंवा खोली तापली तरी काटा शून्यच दाखवावा, म्हणून केलेली ही सोय असते. आपण पाण्याने भरलेलं बीकर ठेवून काटा शून्य करतो आणि मग सेकंदाला दोन शतांश ग्रॅमहूनही कमी वेगाने वजन घटू लागतं. काटा ही घट बराच वेळ गिळत राहतो आणि पडद्यावर ०.० तसंच दिसतं. मग एकदम आकडा हलू लागतो. वजनाची घट कमी भरते, उत्तर वर जातं आणि प्रत्येक वेळी वेगळं येतं. उपाय फुकटचा आहे. बीकर ठेवल्यावर शून्याचं बटण दाबूच नका. रिकाम्या पॅनवर शून्य करा, बीकर ठेवा आणि ३१२.४, ३११.३ अशी एकूण वजनंच लिहा. वजाबाकी वहीत करा.

तिसरी खोड उष्णतेची. बीकरचा तळ १०० अंशांना असतो आणि त्याखालच्या पॅनमधून उष्णता काट्याच्या आतल्या संवेदकापर्यंत पोचते. मग आकडा आपला आपण सरकू लागतो. बीकरखाली बुचाचा किंवा प्लायवूडचा तुकडा ठेवा. थर्माकोल नको, या तापमानाला तो मऊ पडून दबतो. प्रयोग संपल्यावर बीकर आणि तुकडा दोन्ही उचलून पाहा. काटा ०.१ ग्रॅमच्या आत शून्यावर परतला तर ठीक, अर्धा ग्रॅम सरकलेला दिसला तर तेवढी चूक तुमच्या वाचनात आहेच.

काट्याचं लघुतम माप किती आहे हेही एकदा पाहून घ्या. १ ग्रॅमच्या काट्यावर पाच मिनिटांचा प्रयोग करणं म्हणजे पाच-साडेपाच ग्रॅमची घट एका ग्रॅमच्या पायऱ्यांनी मोजणं. यातून काहीच सिद्ध होत नाही. ०.१ ग्रॅमच्या काट्यावर वीस मिनिटं मोजली, तर घट वीस-बावीस ग्रॅम होते आणि मोजमापाची चूक एका टक्क्याच्या आत राहते.

३. व्होल्टमीटर कुठे जोडला आहे?

हीटरमधून चार अँपिअर प्रवाह वाहतो. जोडतारा लांब, बारीक किंवा टोकाशी गंजलेल्या असतील, तर त्यांच्यावरच अर्धा व्होल्ट पडतो. व्होल्टमीटर वीजपुरवठ्याच्या टर्मिनलला लावला असेल, तर तो हा अर्धा व्होल्टही हीटरच्या नावावर मांडतो. १२ पैकी अर्धा म्हणजे चार टक्के, आणि तितकंच उत्तर वर जातं.

व्होल्टमीटरच्या तारा हीटरच्या स्वतःच्या टर्मिनलांनाच जोडा. त्या जागी आणि पुरवठ्याच्या जागी एकेकदा मोजून दोन आकड्यांतला फरक पाहा, म्हणजे तारा किती खातात ते कळेल. पुरवठ्याच्या डबीवर छापलेले ‘१२ व्होल्ट’ कधीही गणितात घेऊ नका. प्रवाह वाहू लागला की तो आकडा बदलतो आणि पुरवठा तापल्यावर आणखी थोडा खाली येतो. म्हणून दर दोन मिनिटांनी दोन्ही मीटर वाचून सरासरी काढा.

४. पुरवठा कोणता, मीटर कोणत्या रेंजवर?

उत्तर १८०० ते १९०० च्या आसपास पुन्हा पुन्हा येत असेल, तर बाकी सगळं सोडून आधी हे पाहा.

शाळेतले साधे वीजपुरवठे ‘डीसी’ म्हणून जे देतात तो बहुधा सरळ, सपाट प्रवाह नसतो. ट्रान्सफॉर्मरमधून आलेला एसी फक्त एका दिशेला वळवलेला असतो. तो सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो आणि पुन्हा चढतो. डीसी रेंजवरचा मीटर त्याची सरासरी दाखवतो. पण हीटर तापतो तो वर्गमध्यमूळ मूल्याप्रमाणे, म्हणजे तितकीच उष्णता देणाऱ्या सपाट प्रवाहाच्या मूल्याप्रमाणे. या प्रकारच्या लहरीत सरासरी ही वर्गमध्यमूळ मूल्याच्या ०.९ पट भरते. व्होल्टमीटर ०.९ पट दाखवतो, ॲमीटरही ०.९ पट दाखवतो आणि गुणाकार खऱ्या शक्तीच्या ०.८१ पट येतो. हीटर प्रत्यक्षात ५० वॅट देत असताना तुमच्या वहीत ४० वॅट लागतात. उत्तर जवळजवळ एकोणीस टक्के कमी.

आता लक्षणांमधली ती चौथी ओळ आठवा. उघड्या बीकरमुळे उत्तर तेवीस टक्के वर आणि या मीटरमुळे एकोणीस टक्के खाली. दोन्ही मिळून पुस्तकी आकडा!

सुटका सोपी आहे. हीटरला एसी-डीसीचं सोयरसुतक नसतं. पुरवठ्याचं एसी टोक वापरा आणि दोन्ही मीटर एसी रेंजवर ठेवा. ट्रान्सफॉर्मरच्या ठरावीक टप्प्यांतून (१०, १२ व्होल्ट वगैरे) येणारा एसी बऱ्यापैकी साइन लहरीचा असतो आणि साधा मल्टिमीटरही तो योग्य वाचतो. पंख्याच्या रेग्युलेटरसारख्या डिमरने कमी-जास्त केलेला एसी मात्र वापरू नका, त्याची लहर तुटक असते आणि साधा मीटर तिथे पुन्हा फसतो.

५. पाणी उडून तर जात नाही?

शिंतोड्यांवाटे गेलेल्या प्रत्येक थेंबाचं वजन काट्यावरून कमी होतं, पण त्याची वाफ करायला लागणारी ऊर्जा खर्चच झालेली नसते. वीस मिनिटांत एक ग्रॅम उडाला, तर उत्तर साडेचार टक्क्यांनी घसरतं.

बीकरवर हात किंवा कागद धरून हे ओळखता येत नाही, कारण वाफेनेही तो ओला होतोच. पाण्यात पेनातल्या शाईचे चार-पाच थेंब टाका आणि बीकरच्या तोंडाभोवती, काट्याला न टेकणारी, पांढऱ्या कागदाची पट्टी धरा. वाफ शाई घेऊन जात नाही, थेंब नेतात. कागद नुसता दमट झाला तर चिंता नाही. निळे ठिपके उमटले तर पाणी उडतंय.

मग पाण्याची पातळी बीकरच्या मध्यावर आणा किंवा उंच बीकर घ्या. हीटरवर खुणेची रेघ असते, पाणी तिच्या खाली कधीच जाऊ देऊ नका. उकळी धक्क्याधक्क्याने येत असेल तर पाण्यात बिनझिलईच्या चिनीमातीचे दोन-तीन बारीक तुकडे टाका, ते थंड पाण्यातच टाकायचे. उकळत्या पाण्यात टाकले तर पाणी एकदम उसळतं.

झाकण ठेवायचा मोह होतो. त्याने शिंतोडे अडतात खरे, पण झाकणाखाली वाफेचं पाणी होऊन ते परत टपकतं. त्याची वाफ करायला ऊर्जा दुसऱ्यांदा जाते आणि उत्तर वर चढतं. उघडंच ठेवा.

६. क्लँपला धरलेला हीटरही काट्यावर वजन टाकतो

हा मुद्दा बहुतेक सूचनापत्रकांत नसतो. हीटर स्टँडला टांगलेला आहे, बीकरला टेकलेला नाही, म्हणजे काट्याचा आणि त्याचा संबंध नाही, असं वाटतं. पण पाणी हीटरला वर ढकलतं आणि तेवढ्याच बळाने हीटर पाण्याला खाली दाबतो. काटा हे प्लावक बलही मोजतो. पडताळा थंड पाण्यात, वीज न जोडता घ्या. हीटर पाच सेंटिमीटर बुडवून वजन वाचा, मग क्लँप सैल करून तो सावकाश वर उचला. पाणी तितकंच असूनही आकडा पाच-सहा ग्रॅमने खाली येईल.

हे बल स्थिर असतं तर वजाबाकीत निघून गेलं असतं. पण पाणी आटतं, पातळी उतरते आणि हीटरचा थोडा भाग उघडा पडतो. म्हणजे प्लावक बलही कमी होतं. काट्यावर जी घट दिसते तिच्यात वाफेचं वजन आणि या बलातली घट असं दोन्ही मिसळलेलं असतं. हीटरची कांडी सारख्या जाडीची असेल तर दुरुस्ती सोपी आहे. d हा कांडीचा व्यास आणि D हा बीकरचा आतला व्यास:

```
m(खरे) = m(काटा) × (1 − d²/D²)
```

कांडी १.२ सेंटिमीटर आणि बीकर ७.० सेंटिमीटर असेल तर गुणक ०.९७१ येतो. तीन टक्के, आणि तेही दर वेळी एकाच बाजूला. दोन्ही व्यास व्हर्नियरने मोजा, फूटपट्टीने नको.

हीटर बीकरमध्येच उभा करून हे टाळता येईल असं वाटतं. पण मग त्याच्या ताठ तारा काट्याला ओढतात किंवा ढकलतात आणि तापल्यावर त्यांचा ताण बदलतो. त्यापेक्षा क्लँप आणि दुरुस्ती हेच बरं. कांडी तळाला आणि काचेला कुठेच टेकत नाही ना, एवढं नक्की पाहा. तळापासून एक सेंटिमीटर अंतर पुरतं.

७. वाया जाणारी उष्णता: दोन शक्तींवर मोजा

आता उरली ती खरी मोठी चूक. बीकरच्या भिंतींतून आणि तळातून उष्णता सतत बाहेर जात राहते. फोमचा किंवा जाड कापडाचा पट्टा गुंडाळला तर ती बरीच कमी होते, शून्य होत नाही. पट्टा काट्यावरच असतो, म्हणून तो कोरडा राहिला पाहिजे. वाफ त्यात मुरली तर गेलेलं पाणी काट्यावरच राहतं. प्रयोगाआधी आणि नंतर पट्टा वेगळा तोलून पाहा.

कितीही गुंडाळण्यापेक्षा चांगला मार्ग म्हणजे तोच प्रयोग दोन वेगवेगळ्या शक्तींवर करणं. दोन्ही वेळा पाणी उकळतंच आहे, म्हणजे तापमान तेच. खोली तीच, बीकर तेच, सुरुवातीची पातळी तीच. मग सारख्याच वेळात वाया जाणारी उष्णताही सारखीच. दोन समीकरणांची वजाबाकी केली की ती निघून जाते.

```
L = (V₁I₁ − V₂I₂) × t / (m₁ − m₂)
```

एक उदाहरण पूर्ण सोडवू. बीकरला फोमचा पट्टा, एसी पुरवठा, ०.१ ग्रॅमचा काटा, दोन्ही वेळा १२०० सेकंद.

पहिल्या वेळी १२.० व्होल्ट आणि ४.१० अँपिअर, म्हणजे ४९.२ वॅट. दिलेली ऊर्जा ५९,०४० ज्यूल, काट्यावरची घट २२.६ ग्रॅम. नुसता भागाकार केला तर २६१२.

दुसऱ्या वेळी १०.० व्होल्ट आणि ३.४२ अँपिअर, म्हणजे ३४.२ वॅट. ऊर्जा ४१,०४० ज्यूल, घट १४.४ ग्रॅम. भागाकार २८५०.

शक्ती कमी केल्यावर उत्तर वाढलं, हीच उष्णता वाया जात असल्याची खूण. कमी शक्तीवर तेवढाच तोटा एकूण ऊर्जेचा मोठा हिस्सा खातो. उत्तर दोन्ही वेळा जवळपास सारखंच आणि तरीही चुकीचं आलं असतं, तर संशय मीटर किंवा काट्यावर घ्यावा लागला असता.

आता वजाबाकी. ऊर्जेतला फरक १८,००० ज्यूल, वजनातला ८.२ ग्रॅम. भागाकार २१९५. तोटा निघून गेला आणि उत्तर पुस्तकाच्याही खाली आलं. इथेच पुष्कळजण पद्धतीवरचा विश्वास सोडतात. पण प्लावक बलाची दुरुस्ती अजून बाकी आहे. ८.२ ला ०.९७१ ने गुणलं की ७.९६ ग्रॅम येतात आणि १८,००० भागिले ७.९६ म्हणजे २२६१.

वाया गेलेली शक्तीही आता काढता येते. पहिल्या वेळी खरी घट २१.९ ग्रॅम, तिला लागलेली शक्ती सुमारे ४१.३ वॅट, उरलेली ७.९ वॅट हवेत गेली. दुसऱ्या वेळचं गणितही ७.९ वॅटच देतं. समीकरणच तसं मांडलं असल्याने हे दोन आकडे जुळणारच, त्यांना वेगळा पुरावा समजू नका. पुरावा हवा असेल तर ११ व्होल्टच्या आसपास तिसरं वाचन घ्या आणि शक्ती विरुद्ध सेकंदाला होणारी खरी घट असा आलेख काढा. तीन बिंदू एका रेषेत आले तर रेषेचा चढ म्हणजे अप्रकट उष्मा आणि शक्तीच्या अक्षावरचा छेद म्हणजे तोटा. मधला बिंदू रेषेबाहेर पडला तर त्या वेळी पंखा चालू होता का, पातळी वेगळी होती का, ते पाहा.

२२६१ वर फार हुरळून जाऊ नये. चार वजनांपैकी प्रत्येकात ०.०५ ग्रॅमची शंका धरली, तर ८.२ मध्ये जास्तीत जास्त ०.२ ची शंका येते, म्हणजे उत्तरात सुमारे ५५. वहीत ‘२२६० ± ६०’ लिहिणं प्रामाणिक आहे. वजाबाकीच्या पद्धतीत ही किंमत मोजावी लागते, म्हणून दोन शक्तींमध्ये अंतर भरपूर ठेवा. पण फार खालीही जाऊ नका. ६ व्होल्टला हा हीटर जेमतेम १२ वॅट देतो, त्यातले आठ तोट्यात जातात. पाणी नीट उकळतच नाही, तापमान खाली येतं आणि तोटा सारखा असल्याचं गृहीतकच मोडतं.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

हीटरच्या वरच्या टोकाचं सील तडकलं असेल, आत पाणी शिरल्याची शंका असेल किंवा कांडीवर फुगवटा, काळा डाग दिसत असेल, तर तो हीटर पुन्हा जोडायचा नाही आणि उघडायचाही नाही. तो बाद करावा लागतो. हीटर कोरडा पडून एकदा लाल झाला असेल तरी हेच. पाणी ओतून तो थंड करायला जाऊ नका, वीज तोडून तसाच निवू द्या.

वीजपुरवठ्याच्या धातूच्या खोक्याला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या, जळका वास आला, फ्यूज दुसऱ्यांदा उडाला किंवा गळती झाल्यावर वीज तोडणारा स्विच पडला, तर भिंतीवरचं बटण बंद करून प्लग काढा. जाड फ्यूज घालून पाहू नका. खोक्याच्या आत मुख्य विजेचा दाब असतो, ते काम विद्युततंत्रज्ञाचं. १२ व्होल्टचा हीटर मिळत नाही म्हणून बादलीत पाणी तापवायची मुख्य विजेवरची कांडी या मांडणीत वापरू नका. उघडं पाणी, धातूचा स्टँड आणि भोवती मुलं असताना ती जागा तिची नाही.

काटा रिकामा असताना सरकत राहिला किंवा माहितीच्या वजनाला चुकीचा आकडा दाखवू लागला, तर आधी मानक वजनाने त्याचं अंशांकन करून पाहा. त्यानंतरही दोन वाचनं जुळली नाहीत, तर संवेदकावर जास्त भार पडलेला असण्याची शक्यता मोठी. तो दुरुस्तीला पाठवा आणि तोवर दुसऱ्या काट्यावर काम करा.